तुमच्या लेकीसाठी

यवतमाळच्या कुठल्याही प्रसूतिगृहात आयाबाई दार लोटून बाहेर आली की बाकावरची सगळी माणसं एकदम उठतात. तरुण मंडळी विचारतात, "काय झालं जी?" आणि बाकावरचीच एखादी म्हातारी बाई त्यांना मागे सारून विचारते, "दोघंही सुखरूप ना?" मुलगा की मुलगी, वजन किती, कोणावर गेलंय हे सगळं त्यानंतर. बाळ-बाळंतीण हा आपल्याकडे एकच शब्द झाला आहे, आणि त्यातलं एक सुखरूप नसेल तर पेढ्यांचा पुडा पिशवीतच राहतो. (आया हा शब्द आपल्याला पोर्तुगीजांकडून आला. पाव, पगार, चावीही तिकडूनच आली, पण या शब्दाचं मला जास्त अप्रूप वाटतं.)

माझी नागपूरच्या वसतिगृहातली मैत्रीण मडगावची. तिच्या घरी आई आणि आजी आपसात पोर्तुगीज बोलायच्या. 1961च्या डिसेंबरात गोव्यातली पोर्तुगीज राजवट संपली तरी कितीतरी घरांतून ती भाषा लगेच गेली नाही. सासष्टीतल्या काही घरांत ती जेवणाच्या टेबलावर आणि प्रार्थनेत राहिली. महाराष्ट्रातही रेवदंड्याजवळच्या कोर्लई गावात पोर्तुगीजातून निघालेली एक बोली आजही बोलली जाते. पण माझा संबंध मडगावच्या त्या टेबलाशी. सुट्टीत तिच्याकडे राहायला गेले की तिची आई, म्हणजे आंटी, मला ताटातल्या पदार्थांची नावं शिकवायच्या, मग हळूहळू वाक्यं. पुढे मैत्रीण लिस्बनला गेली, तिथल्याच मुलाशी लग्न केलं, आणि यंदा तिला मुलगी झाली.

तिच्यापुरतं बोलायचं तर मराठीत चार ओळी लिहून भागलं असतं. पण तिच्या नवऱ्याला मराठी येत नाही, त्याच्या आईवडिलांनाही नाही, आणि मडगावात आंटी आपल्या आईसोबत बातमीची वाट पाहत बसलेल्या. तिघांना तीन वेगळे निरोप लिहायचे होते.

सुरुवात आधीच झाली होती. पोर्तुगालमध्ये दिवस भरत आलेल्या बाईला म्हणतात, क तेन्याश ऊमा ऑरा पकनीना. तुझी घटका छोटीशी असो. कळांचा वेळ थोडा जावो, इतकाच त्याचा आशय. आपल्याकडे "सुखरूप मोकळी हो" म्हणतात तसंच ते आहे. हे वाक्य बाळंतपणाच्या आधीच म्हणायचं असतं. बाळ झाल्यावर पाठवलं तर त्याला काही अर्थ उरत नाही. मी ते आठव्या महिन्याच्या अखेरीस पाठवलं, आणि तिने ते सासूला वाचून दाखवलं. सासूबाईंशी माझी ओळख त्या एका वाक्यामुळे झाली.

बाळ झाल्यावर म्हणायचा शब्द म्हणजे पाराबाइंश. अभिनंदन. पण हा शब्द वाढदिवसालाही तोच, परीक्षेलाही तोच, घर घेतलं तरी तोच. म्हणून नुसता पाराबाइंश पाठवला तर तो घाईत टाकल्यासारखा वाटतो. कशाबद्दल, ते सांगावं लागतं: मुइंतुश पाराबाइंश पेलु नश्सिमेंतु दा व्हॉसा फील्या. तुम्हां दोघांच्या लेकीच्या जन्माबद्दल खूप खूप अभिनंदन. मुलगा असता तर दा व्हॉसा फील्याच्या जागी दु व्हॉसु फील्यु झालं असतं. या वाक्यात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते व्हॉसा. मैत्रिणीशी एकटीशी बोलताना मी तुआ म्हणते, म्हणजे तुझी. पण लेक एकटीची नाही. व्हॉसा म्हटलं की बाप आपोआप त्या वाक्यात येऊन बसतो.

आपल्या अभिनंदनात ही जागा बहुतेक वेळा कुणा एकाचीच असते. बापाला म्हणतो, "बाबा झालास!" आजीला म्हणतो, "आजी झालात, आता पेढे काढा." आणि जिने बाळ जन्माला घातलं तिला अभिनंदन म्हणायचं आपल्या मनातच येत नाही, तिची फक्त विचारपूस होते, दूध येतंय का, डिंकाचे लाडू खातेस का. विचारपूस खरी मायेची असते, ती सोडू नये असंच मला वाटतं. पण दोघांना मिळून एक शब्द म्हणायची सवय आपण लावून घ्यायला हवी, आणि ती मला पोर्तुगीज निरोप लिहिताना लागली.

दुसरी गोष्ट नावाची. आपल्याकडे बारशापर्यंत बाळाला नाव नसतं. बाराव्या दिवशी आत्या कानात कुर्र करेल तेव्हा ते ठरेल, तोवर पाहुणेही नाव विचारत नाहीत, सगळे "बाळ" म्हणतात. पोर्तुगालमध्ये जन्मानंतर वीस दिवसांच्या आत नोंद करावी लागते, पुष्कळ ठिकाणी ती दवाखान्यातच होते, आणि नाव महिनोन् महिने आधी ठरलेलं असतं. बातमीच नावासकट येते. मग उत्तरात नाव घातलं नाही तर ते कोरडं वाटतं. मुलगी मारिया असेल तर पेलु नश्सिमेंतु दा मारिया, मुलगा मिगेल असेल तर दु मिगेल. त्यांच्या घरी नाव पोटातल्या बाळालाच मिळालेलं असतं, तेव्हा बारशाआधी ते उच्चारण्यात काही अवघडायचं कारण नाही. बाइं-व्हिंदा म्हणून पुढे नाव जोडलं की झालं बाळाचं स्वागत. मुलासाठी तेच बाइं-व्हिंदु.

त्यापुढची ओळ आशीर्वादाची: क क्रेसा कों मुइंता साऊद. भरपूर आरोग्यात वाढो. उदंड आयुष्य मागायची सवय लागलेल्या मराठी माणसाला हे मागणं थोडकं वाटेल, पण तिथे ते पुरेसं असतं. एक गोष्ट मात्र मी मुद्दाम गाळली. आपल्याकडे पहिली मुलगी झाली की कुणीतरी "पहिली बेटी धनाची पेटी" म्हणतंच, आणि ते म्हणताना आवाजात थोडं समजावणं असतं. ज्या घरात कुणाला काही समजावायचं नाही तिथे ते वाक्य नेलं की ऐकणारा गोंधळतो, आपण कशाबद्दल धीर देतोय हे त्याला कळत नाही.

नवऱ्याच्या आईवडिलांना लिहिताना सांभाळून लिहावं लागतं. आजीआजोबांना मिळून अव्हॉश. एकटी आजी अव्हॉ आणि एकटे आजोबा अव्हो. आपल्या ऑ आणि ओ मधला जो फरक, तोच. लिहिताना शेवटच्या अक्षरावर तिरकी रेघ असली की आजी, छोटी टोपी असली की आजोबा. फोनवर घाईत चुकीचं चिन्ह पडलं तर सासूबाईंना आजोबा म्हटल्यासारखं होतं. जवळच्या माणसांत अव्हॉश बबादुश असंही म्हणतात, नातवंडाच्या कौतुकात लाळ गळेपर्यंत हरखलेले आजीआजोबा. शब्द गोड आहे, आपला वाटतो. पण ज्यांना एकदाही भेटले नाही त्यांना मी तो लिहिला नाही. त्यांना साधंच लिहिलं: मुइंतुश पाराबाइंश पेलु नश्सिमेंतु दा व्हॉसा नॅता. तुमच्या नातीच्या जन्माबद्दल. इथेही व्हॉसा, आजीआजोबा दोघांनाही पुरणारं. बबादुश मडगावच्या आंटींसाठी राखून ठेवला, आणि त्यांना तो फार आवडला.

आंटींसाठी आणखी एक ओळ लागली. जुन्या पोर्तुगीज बायका बाळाची स्तुती करताना मागोमाग बेंझा-आ देउश म्हणतात, देव हिचं भलं करो. नुसतं "किती गोरी, किती गुटगुटीत" म्हणून गप्प बसलं तर त्यांना चैन पडत नाही, कारण वाईट नजर त्यांच्याकडेही आहेच. हे मला शिकावं लागलं नाही. आमच्याकडे बाळाच्या कपाळावर काजळाची तीट लावूनच पाहुण्यांसमोर आणतात, आणि पाहुणे गेले की मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढतात. लिस्बनहून फोटो आला तेव्हा मी लिहिलं, फार सुंदर आहे, बेंझा-आ देउश. आंटींनी फोन केला. म्हणाल्या, "हे तुला कोणी शिकवलं?" म्हटलं, "आंटी, तुम्हीच."

कधीकधी बातमी अशी साधी येत नाही. वेळेआधी बाळंत झाली, बाळ काचेच्या पेटीत आहे, किंवा बाईचीच तब्येत नाजूक आहे, असं कळलं की मोठाल्या अभिनंदनाने सुरुवात करू नये. तिथे आपल्या म्हाताऱ्या बाईचा प्रश्न आधी: कोमु श्ता आ माइं, इ आ बेबे? आई कशी आहे, आणि बाळ? मग एकच शब्द, फोर्सा, म्हणजे धीर धरा. माझ्या मैत्रिणीच्या बाबतीत सगळं सरळ झालं होतं, तरीही मी हा प्रश्न सगळ्यात वर लिहिला. पहाटेच्या बातमीनंतर लिस्बनमध्ये ऑफिसातल्यांचे, शेजाऱ्यांचे ढीगभर पाराबाइंश आले होते, ती म्हणाली, पण तिची चौकशी करणारे थोडेच. हा प्रश्न मी यवतमाळहून नेला आणि तो तिथे नीट पोहोचला.

शेवट कसा करायचा, ही एक अडचण असते. तिथे बायका बइजिन्युश लिहितात, पापे. मैत्रिणीला ते मी सहज लिहिते. तिच्या नवऱ्याला आणि सासऱ्यांना लिहिताना माझा हात अडतो, म्हणून पापा थेट बाळाला देते: उं बइजिन्यु आ बेबे. हे कुणालाही लिहिता येतं, कुठल्याही वयाच्या, कुठल्याही नात्याच्या माणसाला. ब्राझीलचा मित्र असेल तर यातले बरेच उच्चार बदलतील, बेबेची मात्रा बदलेल आणि व्हॉसाऐवजी वेगळं म्हणावं लागेल. तिथलं मला तिथल्या माणसालाच विचारावं लागेल.

बाप्तिस्म्याचं मी काही लिहिलं नाही. सगळीच कुटुंबं तो करतात असं नाही, आणि करतात ती बहुधा काही महिन्यांनी. तेव्हा धर्मपिता-धर्ममातांना वेगळा निरोप जाईल. तिच्या तीन वर्षांच्या मुलाला मात्र तेवढं थांबवणं बरं नाही. त्याच्या नावाने मी एक वेगळं कार्ड टपालाने पाठवलं, त्यावर पाराबाइंश आउ मानु माइश व्हेल्यु, थोरल्या दादाचं अभिनंदन, आणि खाली मराठीत, "दादा झालास!" त्याने ते कार्ड आजीच्या घरीही नेलं आणि वाचता येत नसताना सगळ्यांना वाचून दाखवलं.