चार टायर एका पानावर

काट्यांच्या जागी पडदा असलेली गाडी घरात आली, तेव्हा मुलांनी पहिल्या संध्याकाळी तिचे सगळे रंग बदलून पाहिले. निळा, लाल, पुन्हा निळा. स्टिअरिंगसमोरच्या या डिजिटल क्लस्टरबद्दल नवे मालक बोलतात तेही बहुतेक रंगांबद्दलच. खरा प्रश्न वेगळा आहे. एका बाजूला वेग, दुसऱ्या बाजूला इंजिनाचे फेरे, हे बहुतेक गाड्यांत ठरलेलं असतं. मधली तळहाताएवढी जागा मात्र आपली असते. तिथे एका वेळी एकच पान राहतं: रस्ता, टायरमधली हवा किंवा प्रवासाचा हिशेब. कुठलं पान कधी ठेवायचं, हे आपणच ठरवायचं.

आमच्या गाडीत ही पानं स्टिअरिंगवरच्या बटणांनी बदलतात. एक बटण गट बदलतं, वर-खाली केलं की त्या गटातलं पुढचं पान येतं आणि OK दाबून धरलं की त्या पानावरचा हिशेब शून्य होतो. हवेचं एकक, मायलेज आपोआप शून्य कधी व्हावं असल्या गोष्टी सेटिंगमध्ये असतात. त्या गाडी उभी करूनच ठरवायच्या. चालत्या गाडीत कित्येक मेनू उघडतच नाहीत, आणि ते बरंच आहे. हवेचं एकक मी सगळ्यात आधी psi केलं, कारण आपल्याकडे पेट्रोल पंपावरचा माणूस त्याच आकड्यात बोलतो.

गेल्या हिवाळ्यात मामेभावाच्या निकाहसाठी आम्ही मुंब्र्याहून चिपळूणला निघालो. फज्रची नमाज झाली आणि सामान चढवलं. मागे अम्मी आणि बायको, पुढे अब्बा. अब्बांनी मुंबईत बरीच वर्षं पद्मिनी टॅक्सी चालवली. पडद्यावर त्यांचा फारसा विश्वास नाही. कुठेही थांबलं की ते खाली उतरून चारही टायरांवरून हात फिरवतात.

दरवाज्याच्या खांबावरच्या पट्टीनुसार आमच्या गाडीत ३३ पीएसआय हवा हवी. पण हा आकडा थंड टायरचा असतो, म्हणजे गाडी काही तास उभी असतानाचा. गाडी पळू लागली की टायर तापतो. तापमान पाच-सहा अंश सेल्सिअसने वाढलं की दाब साधारण एक पीएसआयने वाढतो. म्हणून तासाभराच्या प्रवासानंतर ३६-३७ दिसलं तर घाबरायचं नाही, आणि हवा काढायची तर मुळीच नाही.

गाडी सुरू केल्या केल्या हे पान रिकामं असतं. चाकातले सेन्सर स्वतःच्या छोट्या बॅटरीवर चालतात आणि ती वाचवण्यासाठी उभ्या गाडीत जवळजवळ झोपलेले असतात. चाक फिरू लागलं की थोड्या वेळाने आकडे येतात. त्या दिवशी पनवेलच्या अलीकडे चारही ठिकाणी ३५ होतं. पेणला चहाला थांबलो तेव्हा तिघांचं ३६ आणि मागच्या डाव्या टायरचं ३५. एवढा फरक नेहमीचा असतो. एका बाजूला ऊन लागलं तरीही एक-दोनचा फरक पडतो.

माणगावच्या गर्दीत अडकलो असताना मी ते पान पुन्हा आणलं. ३७, ३७, ३७ आणि मागे डावीकडे ३३.

अब्बांनी वाकून पाहिलं. "तेहतीस तर बरोबरच आहे. पट्टीवर तेच लिहिलंय ना?"

"अब्बा, ते थंड टायरचं. बाकीचे तापून सदतीसला गेलेत. हाही तेवढाच तापला असणार, तरी तेहतीसवर आहे. म्हणजे याची चार पीएसआय हवा गेलीय."

नीट पाहिलं तर पेणपासून तिघांची हवा एकाने वाढली होती आणि याची दोनाने घटली होती. एका टायरचा आकडा एकटा पाहिला असता तर तो अगदी पट्टीबरहुकूम होता. चारही शेजारी शेजारी होते म्हणूनच तो खटकला. धोक्याचा पिवळा दिवा तर अजून लांब होता. तो साधारणपणे ठरलेल्या दाबापेक्षा २० ते २५ टक्के हवा कमी झाली की लागतो, म्हणजे आमच्या हिशेबाने पंचविसाच्या आसपास. भरलेल्या गाडीत, मागे अम्मी बसलेली असताना, कशेडीच्या चढावर त्या दिव्याची वाट पाहण्यात अर्थ नव्हता.

गर्दीतून बाहेर पडताच पंक्चरवाल्याकडे थांबलो. अब्बांनी आधी त्या टायरवर हात ठेवला, मग शेजारच्या पुढच्या टायरवर. "हा जास्त तापलाय," ते म्हणाले. कमी हवेचा टायर जास्त दबतो, म्हणून जास्त तापतो. हाताची परीक्षाही खरीच होती. साबणाचं पाणी टाकल्यावर खिळ्याभोवती बारीक बुडबुडे आले. स्ट्रिप लावली, हवा भरली आणि अर्ध्या तासात निघालो.

हे पान वाचायची रीत थोडक्यात सांगतो. चारही आकडे एकदम घसरले तर बहुधा थंडी पडली आहे. एकच टायर इतरांपासून हळूहळू दूर जाऊ लागला तर तिथून हवा गळते आहे. एका जागी आकड्याऐवजी नुसत्या रेघा आल्या आणि चालवूनही त्या गेल्या नाहीत, तर सेन्सर किंवा त्याची बॅटरी तपासावी. मात्र काही गाड्यांत चाकात सेन्सर नसतोच. चाकांच्या फिरण्याच्या वेगातल्या फरकावरून गाडी अंदाज बांधते आणि फक्त दिवा लावते. अशा गाडीत हे आकडे दिसणार नाहीत. तिथे प्रत्येक वेळी हवा भरल्यावर मेनूत जाऊन SET करावं लागतं आणि अब्बांसारखा हात फिरवावा लागतो.

बाकीच्या दोन पानांचं पटकन सांगतो. रस्त्याचं पान मी अनोळखी शहरातच ठेवतो. मधल्या मोठ्या पडद्याकडे मान वळवण्यापेक्षा समोरचा बाण बरा. पण अनेक गाड्यांप्रमाणे आमच्याही क्लस्टरवर गाडीतल्या नकाशाचाच बाण येतो, फोनवरच्या नकाशाचा नाही. काही नव्या गाड्यांत फोनचा नकाशाही समोर येतो. गाडी घेण्याआधी स्वतःचा फोन जोडून हे पाहून घ्यावं.

हिशेबाच्या पानांत मी Since Refueling ठेवतो, कारण Drive Info फक्त चालू प्रवासाचं सांगतं आणि Accumulated Info मध्ये महिन्यांची सरासरी मिसळलेली असते. त्यातल्या मायलेजवरही डोळे झाकून विसंबू नये. चिपळूणहून परतल्यावर टाकी पुन्हा काठोकाठ भरली. ४१२ किलोमीटरला २७.५ लिटर पेट्रोल लागलं होतं, म्हणजे लिटरला १५. पडदा १५.९ सांगत होता. तेव्हापासून 'अजून इतके किलोमीटर जाईल' या आकड्यातून मी थोडे किलोमीटर मनातल्या मनात वजा करतो, आणि घाट पुढे असेल तर आणखी थोडे.

आता हायवेवर आमची वहिवाट ठरली आहे. निघाल्यावर पंधरा मिनिटांनी टायरचं पान, मग हिशेबाचं, आणि प्रत्येक थांब्याच्या आधी पुन्हा टायरचं. ते चार आकडे वाचण्याचं काम आता अब्बा करतात. मोठ्याने वाचतात, आणि गाडी थांबली की तरीही खाली उतरून हात फिरवतातच.