घुमणारं लोखंड

४ जानेवारी
विज्ञान जत्रेत दहा मिनिटं बोलायचंय. विषय माझा मीच मागून घेतला: ट्रान्सफॉर्मर घुमतो का आणि तापतो का. जुन्या रेडिओतला २३० व्होल्टचे १२ व्होल्ट करणारा, एक अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर काढून फळीवर बसवला. २३० व्होल्टची टोकं नीट झाकली. पोरांची बोटं कुठंही पोचतात.

६ जानेवारी
नुसता चालू ठेवला, पुढं काहीच जोडलं नाही. तरी घूंऽऽ सुरूच, आणि तासाभरानं गाभा कोमट. भार नसताना हे दोन्ही होतं, म्हणजे कारण गाभ्यातच शोधायला हवं.

लोखंडाचं चुंबकत्व वाढलं की त्याची लांबी किंचित बदलते, मीटरभर पत्र्यात मिलिमीटरचे काही हजारावे भाग. जूलनं हे १८४२ साली दाखवलं. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते, पण लोखंडाला उत्तर-दक्षिण सारखंच. चुंबकत्व कुठल्याही दिशेला शिगेला पोचलं तरी लांबी तशीच बदलते. म्हणून एका आवर्तनात दोन हिसके, सेकंदाला १००. मोबाइलच्या ध्वनिमापकावर सर्वांत मोठा सुळका १०० वरच आला, ५० वर जवळपास काही नाही. जत्रेत हाच दाखवायचा.

कोमटपणाचं एक कारण म्हणजे लोखंडाचं चुंबकत्व सारखं उलटसुलट करावं लागतं, त्यात ऊर्जा खर्ची पडते. दुसरं, बदलत्या चुंबकत्वामुळं खुद्द लोखंडातच वीज गोलगोल फिरू लागते. तिची वाट अडवायला गाभा अखंड न ठेवता एकमेकांपासून विद्युतरोधित अशा पातळ पत्र्यांचा करतात. तरी थोडी फिरतेच.

९ जानेवारी
आता भार. मोटारसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, १० वॅटचा बल्ब जोडला. घुमणं जवळजवळ तेवढंच, कारण ते व्होल्टेजवर ठरतं. उष्णता मात्र वाढली, आणि ही तांब्याच्या तारेतली. बाहेरच्या वेटोळ्याचा रोध साधारण १ ओहम. प्रवाह ०.८ अँपिअर, म्हणून ०.८ × ०.८ × १, सुमारे ०.६ वॅट. दुसरा बल्ब जोडला की प्रवाह जवळपास दुप्पट, पण उष्णता चौपट, अडीच वॅट. हे क्षमतेबाहेरचं आहे, म्हणून मिनिटभर दाखवून लगेच काढायचं. डीपीवर उन्हाळ्यात सगळे पंप एकदम चालले की हाच गुणाकार तिला भोवतो.

११ जानेवारी
जत्रा झाली. एका काकांनी विचारलं, "गुरुजी, रात्री पंप बंद असतात, तरी आमची डीपी घुमते. बिघडलीय काय?"

नाही, काका. व्होल्टेज आहे तोवर ती घुमणारच. एकसुरी घुमणं ठीक. पण खरखर सुरू झाली तर आतले पत्रे किंवा नटबोल्ट सैल झाले असतील. तडतड ऐकू आली, तेल गळताना दिसलं, तर लांब राहायचं आणि वायरमनला कळवायचं. काठीनं ढोसून बघायचं नाही, हे दोनदा सांगितलं, कारण काकांच्या हातात काठी होती.