फोड कुठे थांबवावी

हुबळी-धारवाड बीआरटीएसच्या मार्गावर रायापूरचा थांबा लागतो. थांबे रस्त्याच्या मधोमध असल्यामुळे चिगरी बसचे दार उजवीकडे उघडते आणि प्रवासी पायरी न चढता फलाटावरून सरळ आत जातो. सुमारे 22 किलोमीटरच्या या मार्गाचे औपचारिक उद्घाटन 2020 मध्ये झाले. वर्क ब्रेकडाउन स्ट्रक्चर, म्हणजे कामाची फोड, समजून घ्यायला असा एक थांबा पुरेसा आहे. पुढची फोड मी उदाहरणादाखल केलेली आहे. प्रत्यक्ष कागदपत्रांतली नव्हे.

थांबा म्हणजे पाया, फलाट, छत, वीज, तिकिटाची यंत्रणा आणि दारे. ही सगळी नामे आहेत, क्रियापदे नाहीत. कारण फोड हाती येणाऱ्या वस्तूंची करायची असते, हालचालींची नव्हे. आता फलाटाचा स्लॅब घेऊ. सेंट्रिंग, सळई, काँक्रीट आणि पाणी मारणे असे त्याचे चार तुकडे सहज सुचतात, पण मी दोनच करेन. बांधलेली सळई वेगळी, कारण काँक्रीट पडल्यावर ती दिसत नाही; इंजिनिअरने आधी तपासून सही करायलाच हवी. सेंट्रिंगही त्याच फेरीत पाहिले जाते. दुसरा तुकडा पुऱ्या झालेल्या स्लॅबचा. साध्या सिमेंटला निदान 7 दिवस पाणी मारावे लागते, पण ते दिवस वेळापत्रकात जातात. त्यातून वेगळी वस्तू तयार होत नाही. जिथे तपासून ताब्यात घेण्यासारखे नवे काही उरत नाही, तिथे फोड थांबवावी.

यावर 8 ते 80 तासांचा नियम पुढे केला जातो: सर्वांत खालचे काम एका दिवसाहून लहान आणि दोन आठवड्यांहून मोठे नको. अंदाज घ्यायला तो बरा, पण घड्याळ पाहून तोडलेला तुकडा ‘निम्मा झाला’ एवढेच सांगू शकतो, आणि त्या निम्म्यावर कुणाची सही होत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. नवख्या ठेकेदाराला बारीकसारीक सांगितले नाही तर तो चुकेल, हे खरेच. पण ते मुकादमाच्या तपासणी यादीत लिहावे. फोडीत घातले की प्रत्येक ओळीचा खर्च, तारीख आणि प्रगती कुणीतरी आठवड्याला भरत बसतो.

उलट, फार फोडल्याने सांधे निसटतात, याकडे कमी लक्ष जाते. फलाट स्थापत्यवाल्यांचा, बस पुरवठादाराची, सरकते दार तिसऱ्याचे. तिघांचे काम आपापल्या परीने पुरे झाले, तरी बसचा तळ आणि फलाट एका पातळीत नसले तर चाकाची खुर्ची आत जात नाही. पोटकामांची बेरीज वरच्या कामाइतकी भरलीच पाहिजे, म्हणून ‘बस उभी करून तपासलेली दार व पातळीची जुळणी’ ही स्वतंत्र ओळ हवी, तिला एक जबाबदार माणूस हवा. तुमच्या यादीत अशी ओळ नसेल, तर आणखी फोड करण्याआधी ती घाला.