चुकलेली उत्तरे वाचताना

अमडापूरच्या आठवीच्या मुलांना एकचल समीकरणावर मी एकच गणित मुद्दाम घालतो: 5 − 2(x − 3) = 9. खरे उत्तर 1. पण माझा डोळा असतो चुकीच्या उत्तरांवर. 6 आले तर समजायचे, पोराने आधी पाचातून दोन वजा केले आणि 3(x − 3) = 9 सोडवले. −7/2 आले तर दोनाने फक्त x ला गुणले, तीन तसाच राहिला. 0 आले तर कंस बरोबर सुटलाय; शेवटी −2x = −2 वर ‘पलीकडे गेले की चिन्ह बदलते’ म्हणत गुणाकारातला −2 बेरजेसारखा हलवलाय.

सगळ्यांत जास्त भेटतो तो −5. म्हणजे −2(x − 3) चे −2x − 6 झाले. इथे लाल शेरा मारून नियम पुन्हा सांगण्याचा मोह होतो, पण मी मुलाला जवळ बोलावून तोंडी विचारतो, ‘उणे दोन गुणिले उणे तीन किती?’ कुणी म्हणतो, ‘उणे सहा, सर.’ कुणी बिनचूक ‘सहा’ सांगतो. वहीत चूक एकच, दुखणी मात्र दोन.

पहिल्याला बीजगणित थांबवून पाढ्यावर न्यावे लागते. −2 ला क्रमाने 2, 1, 0 ने गुणले की −4, −2, 0 येतात. दर वेळी दोन वाढतात, हे त्याच्याच तोंडून आले की −1 ला पुढचे उत्तर 2 तो स्वतःच सांगतो. दुसऱ्याला हे शिकवणे म्हणजे वेळ घालवणे. त्याला नियम पाठ आहे. वजाचे चिन्ह त्याच्या लेखी दोनाचे नाहीच, ते नुसते पाचानंतरचे ‘वजा’ आहे. त्याच्याकडून 5 + (−2)(x − 3) असे लिहून घेतो आणि काही दिवस ही जादा ओळ सक्तीची करतो. सहावाल्यांना ‘कंचेभागुबेव’ घोकवण्यापेक्षा 5 − 2 × 4 करायला देणे बरे. शून्यवाल्यांचे पक्षांतर बंद. दोन्ही बाजूंना −2 ने भागायचे.

म्हणूनच उपचारात्मक अध्यापनाचे गट गुणांवरून पाडणे मला पटत नाही. शून्य गुणांचे चौघे चार वेगळ्या वाटांनी तिथे आलेले असतात.

फेरचाचणीला 7 − 3(x − 2) = 1 द्यावे. उत्तर 4, चिन्हाची चूक उरली असेल तर 0 येते. कंसात अधिक ठेवले, तर चिन्हाचा घोळ झाकला जातो आणि मूल सुधारल्यासारखे वाटते. सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत गैरहजर राहिलेल्यांची चाचणी मी वेगळी घेतो, नाहीतर न शिकणे आणि चुकीचे शिकणे एकाच रकान्यात जाते.

आपल्या वर्गात हे गणित घालणार असाल, तर त्या दिवशी खोडरबर दप्तरात ठेवायला सांगा आणि कच्चे काम त्याच पानावर घ्या.