शेवटचे षटक

२४ सप्टेंबर २००७ ची ती रात्र आम्हांस विसरता येत नाही. जोहान्सबर्गला विश्वचषकाचा अंतिम सामना रंगला होता. शेवटच्या षटकात पाकिस्तानला तेरा धावा हव्या होत्या आणि हाती एकच गडी उरला होता. जोगिंदर शर्माचा पहिला चेंडू वाइड गेला, दुसरा निर्धाव. तिसऱ्यावर मिसबाहने षटकार ठोकला. आता चार चेंडूंत सहा धावा. आणि नेमकी वीज गेली!

आमच्या तीर्थरूपांनी अंधारात चाचपडत टीव्हीचे बटण बंद केले. वीज परतताना दाब उसळतो व संच जळतो, हा त्यांचा अनुभव. मिनिटाभरात दिवे आले. पण ते बटणावरचा हात काढीनात. मग स्टॅबिलायझरने आपली ठरलेली वाट पाहिली, सेटटॉप बॉक्स संकेत शोधू लागला. आम्ही वडिलांवर चिडलो. इतक्यात पलीकडच्या आळीत, जिथे वीज गेलीच नव्हती, फटाके वाजले. चित्र उमटले तेव्हा श्रीशांतने झेल घेऊन झाला होता.

"पुढचा सामनाही याच संचावर पाहायचा आहे ना?" वडील एवढेच म्हणाले.

आज घरात इन्व्हर्टर आहे. पडदा विझत नाही. वडील मात्र नाहीत. तरीही सामना रंगात आला की आमचा हात नकळत बटणाकडे जातो.