डाव्या खिशातला फोन

साताऱ्याच्या व्याह्यांना नुकताच पेसमेकर बसला. ‘सांगलीस येऊ का? फोन वापरू का? दुकानात बसू का?’ असे त्यांनी पत्रातून विचारले. हे यंत्र मीही पाच वर्षे बाळगतो आहे, म्हणून लिहिले:

‘फोन अवश्य वापरावा, पण सदऱ्याच्या डाव्या खिशात ठेवू नये, तेथेच त्वचेखाली आपले यंत्र आहे. काही फोनांत लोहचुंबक असतो. तो यंत्राशी भिडला, तर यंत्र हृदयाची स्वतःची लय न पाहता ठरावीक गतीने ठोके देते. दूर नेताच पूर्ववत होते. १५ सेंटिमीटर अंतर पुरे. उजव्या कानाने बोलावे.

जखम भरल्याचे डॉक्टरांनी सांगितल्यावर बसने यावे, यंत्राचे कार्ड जवळ ठेवावे. मात्र सुरुवातीचे चार-सहा आठवडे डावा हात खांद्यावर उचलू नये. बसमधले सामान वा दुकानातला वरचा माल दुसऱ्याने काढावा. ताण बसून हृदयातली तार सरकू शकते. चक्कर आली, तर तत्काळ डॉक्टरांना कळवावे.’