नोंद केली, तरी जाहिराती का येतात?

आमच्या वस्तीतील एका मावशींना मुलाच्या शिष्यवृत्तीचा संदेश आठ दिवस उशिरा सापडला. बँकेने तो वेळेवर पाठविला होता, पण कर्ज, प्लॉट आणि सेलच्या ढिगाऱ्यात तो दडून गेला. "भाऊ, भाच्याने मागेच नोंद करून दिलीये, मग हे येतातच कसे?" असा त्यांचा सवाल होता. सवाल रास्त होता, म्हणून दोघांनी बसून त्यांचा मोबाईल तपासला.

भाच्याने कर्जाच्या जाहिराती थांबाव्यात म्हणून १९०९ वर START 1 असे पाठविले होते. घोटाळा तेथेच होता. २०१० च्या नियमांत START 0 म्हणजे सर्व जाहिराती बंद. पण START 1 म्हणजे बँक, विमा व कर्जाच्या जाहिराती तेवढ्या येऊ द्या! एकच शब्द आणि अर्थ उलटे. २०१८ च्या नियमांनी BLOCK आणि UNBLOCK हे सरळ शब्द आणले. वर्गही सातचे आठ झाले : १ बँक-विमा-कर्ज, २ घर-जमीन, ३ शिक्षण, ४ आरोग्य, ५ ग्राहकोपयोगी वस्तू व वाहने, ६ दूरसंचार व करमणूक, ७ पर्यटन, ८ खाद्यपेये. मावशींना एकही नको होता, म्हणून FULLY BLOCK पाठविले. ओटीपी किंवा खात्यातून पैसे गेल्याची सूचना याने बंद होत नाही. ही भीती अनेकांना असते, ती सोडावी. एखादाच वर्ग बंद करायचा असेल, तर १९०९ ला फोन करून किंवा ट्रायच्या TRAI DND या ॲपमध्ये निवडावा आणि नेमके काय बंद झाले ते उत्तरात वाचावे.

तरीही काही संदेश उरतात. पाठविणाऱ्याच्या नावाशेवटी -P असेल तर ती जाहिरात, -S म्हणजे सेवा, -T म्हणजे व्यवहार, -G म्हणजे सरकारी. नोंद असूनही -P आला, तर आपण कुठे संमती दिली का, ते आठवावे. दुकानाच्या बिलावेळी नंबर देऊन फॉर्मवर सही केली की ती संमती नोंदीपेक्षा वरचढ ठरते. मावशींच्या साडीच्या दुकानाचे तसेच होते. अशा संदेशात नकार कळविण्याची सोय असते, तेथून संमती काढून घ्यावी.

दहा आकडी साध्या नंबरावरून येणारा प्लॉटवाला मात्र कोणत्याच नोंदीला जुमानत नाही, कारण तो नियमाबाहेरूनच धंदा करतो. त्याच्यावर तक्रार हाच उपाय. २०२५ च्या दुरुस्तीनुसार तक्रारीला आधीची नोंद लागत नाही आणि मुदत तीनऐवजी सात दिवसांची आहे. संदेशाचा मजकूर, त्याचा नंबर आणि तारीख १९०९ वर कळवावी. म्हणून राग आला तरी असा संदेश लगेच पुसू नये. व्हॉट्सॲपवरील जाहिरातींना ही नोंद लागू नाही. तेथे त्या नंबरला तिथेच रोखावे लागते.

मावशींनी प्लॉटवाल्याची तक्रार त्याच संध्याकाळी स्वतःच्या हाताने पाठविली.